निवडणूक ड्युटीचा आदेश आला आहे, प्रशिक्षणाच्या दिवसांसाठी ऑफिसला कसं कळवायचं? रजा टाकायची का?

सुनीता_रोखपाल
नमस्कार मंडळी. मी राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत रोखपाल आहे. विधानसभा निवडणुकीसाठी मतदान अधिकारी क्र. 1 म्हणून नियुक्तीचा आदेश काल तहसील कार्यालयाकडून शाखेत आला. पहिलं प्रशिक्षण येत्या गुरुवारी सकाळी 10 ते 1, शेजारच्या तालुक्याच्या ठिकाणी. जायला दीड तास लागतो. दुसऱ्या प्रशिक्षणाची तारीख आदेशात नाही, "स्वतंत्रपणे कळविण्यात येईल" एवढंच लिहिलंय. रविवार असेल असं कानावर आलंय.

मॅनेजर साहेबांचं म्हणणं, मतदानाच्या दिवशी बँकेला सुट्टीच आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही. प्रशिक्षण हा तुमचा प्रश्न, नैमित्तिक रजा टाका. शिवाय तिजोरीची एक चावी माझ्याकडे असते, त्यामुळे "सकाळचं कॅश उघडून मग जा" असंही ते म्हणाले. ते वेळेत शक्य नाही.

अर्ज कुणाला करायचा, काय शब्दांत करायचा, आणि रजा कोणती मागायची?

विनायक_ब
विशेष नैमित्तिक रजा मागा. निवडणुकीसाठी ती मिळतेच, नियमात आहे. आदेशाची झेरॉक्स जोडा, एचआरएमएसमध्ये 'स्पेशल लीव्ह' निवडा, झालं. साध्या नैमित्तिक रजेतून दिवस कापला जात नाही. नाही दिली तर सांगा की कलम 134 खाली अटक होऊ शकते.

प्रशांत_आयटी
मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी देणं मालकाला बंधनकारक आहे, कलम 135ब. नाही दिली तर मालकाला दंड होतो. आमच्या कंपनीने मागच्या वेळी फक्त दोन तासांची सवलत दिली होती, मी एचआरला हे कलम ईमेल केलं तेव्हा पूर्ण दिवस मिळाला. तुम्हीही तेच कलम दाखवा.

जावक_क्रमांक
प्रशांत, तुमचं कलम बरोबर आहे, पण ते मतदाराच्या सुट्टीचं. सुनीताताईंचा प्रश्न मतदान करून घेणाऱ्या कर्मचाऱ्याचा आहे. मॅनेजरसाहेबांचीही गल्लत तिथेच होते आहे. ताईंना मतदानाच्या दिवशी सुट्टी नाहीच, त्या दिवशी त्या कामावर आहेत. फक्त काम बँकेचं नाही.

मी बरीच वर्षं निवडणूक शाखेत मनुष्यबळाचं काम पाहिलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा: रजा मागूच नका. कुठल्याही नावाची. तुमच्या हातात आहे तो जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांचा आदेश, लोकप्रतिनिधित्व अधिनियम 1951 च्या कलम 26 खालचा. तो एकदा आला की त्यात नमूद केलेली प्रशिक्षणं, साहित्य घेण्याचा दिवस आणि मतदानाचा दिवस हे सगळं कर्तव्य झालं. रजा म्हणजे कर्तव्यातून मागितलेली सूट. ती साहेबांनी मंजूर करायची असते, आणि जे मंजूर करता येतं ते नामंजूरही करता येतं. तुम्ही "रजा मिळावी" असं लिहिलंत की नाही म्हणण्याचा अधिकार तुम्हीच त्यांना दिलात. म्हणून पत्राचा विषय "रजा मिळणेबाबत" नको, "निवडणूक प्रशिक्षणासाठी कार्यमुक्त करणेबाबत" हवा. आणि मागणी एकच: हा कालावधी कर्तव्यकाळ म्हणून धरावा.

प्रशिक्षणाचे दिवस यात येतात का, यावर बऱ्याच कार्यालयांत वाद होतो. त्याचं उत्तर कलम 28अ मध्ये आहे. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून निकाल जाहीर होईपर्यंत मतदान केंद्राध्यक्ष, मतदान अधिकारी वगैरे सगळे निवडणूक आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर आहेत असं मानलं जातं, आणि त्या काळात नियंत्रण व शिस्त आयोगाची. प्रशिक्षण या काळात असेल तर ते बँकेच्या रजेच्या नियमांत बसवण्याचं कारणच उरत नाही. अर्थात याचा अर्थ महिनाभर शाखेत जायचं नाही असा होत नाही. आदेशात जे दिवस आहेत तेवढेच.

विनायकराव, विशेष नैमित्तिक रजेचं तुम्ही म्हणता ते काही संस्थांच्या नियमांत आहे, पण तीही रजाच. तिचा कोटा असतो, मंजुरी लागते आणि वर्षअखेरीस कुणीतरी हिशेब काढतं. एचआरएमएसमध्ये दुसरा पर्यायच नसेल तर नाइलाजाने तो निवडावा, पण पत्रात कर्तव्यकाळच लिहावं. आणि अटकेची भाषा मॅनेजरसमोर काढू नये. कलम 134 कर्तव्यात कसूर करणाऱ्या नियुक्त व्यक्तीसाठी आहे, म्हणजे इथे खुद्द सुनीताताईंसाठी. त्यात 500 रुपयांपर्यंत दंड आहे आणि गुन्हा दखलपात्र आहे. साहेबांनी अडवलं म्हणून तुम्ही गेला नाहीत, तर कारणे दाखवा नोटीस तुमच्या नावाने येते, साहेबांच्या नाही. लेखी पत्र हवं ते यासाठीच.

विनायक_ब
म्हणजे साहेबांवर काहीच जबाबदारी नाही?

जावक_क्रमांक
आहे, पण ती संस्थेवर, आणि ती कलम 159 मधून येते. मागणी झाली की कर्मचारी उपलब्ध करून देणं त्या कलमात सांगितलेल्या संस्थांना बंधनकारक आहे: स्थानिक प्राधिकरणं, कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठं, सरकारी कंपन्या, कायद्याने स्थापन झालेल्या किंवा सरकारी पैशावर मुख्यतः चालणाऱ्या संस्था. राष्ट्रीयीकृत बँका त्यात येतात. पूर्वी हे कलम अरुंद होतं, स्टेट बँकेच्या कर्मचाऱ्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि कर्मचाऱ्यांच्या बाजूने लागला. त्यानंतर 1998 मध्ये दुरुस्ती होऊन हे सगळं आत आलं. "बँकेला हे लागू नाही" असं म्हणणारी जुनी मंडळी अजून भेटतात, ती त्या काळातली समजूत.

आणखी एक. तुमचं नाव निवडणूक शाखेला आकाशातून मिळालेलं नाही. प्रत्येक आस्थापनेकडून कर्मचाऱ्यांची यादी पदनाम, वेतनश्रेणी, मतदार यादीतला भाग व अनुक्रमांक यांसह मागवली जाते. ती तुमच्याच शाखेने किंवा क्षेत्रीय कार्यालयाने भरून, सही करून पाठवलेली असते. त्यातून संगणकावर सरमिसळ होऊन नावं निघतात. ही गोष्ट साहेबांना शांतपणे आठवण करून दिली तरी निम्मा विरोध मावळतो.

आस्थापना_लिपिक
वरचं सगळं बरोबर. मी हजेरीपत्रक आणि पगारपत्रक सांभाळणाऱ्या बाजूने लिहिते, कारण गोष्टी बिघडतात त्या तिथे.

बहुतेक ठिकाणी घडतं असं: आदेश शिपाई घेऊन येतो, शाखाप्रमुख पोच म्हणून सही करतात, कर्मचारी तोंडी सांगून प्रशिक्षणाला जातो. महिनाअखेरीस पगार बंद होताना यंत्रणेत त्या दिवशी ना हजेरी ना रजा. यंत्रणा आपोआप विनावेतन धरते किंवा शिल्लक नैमित्तिक रजेतून वळती करते. मग दोन महिने पत्रव्यवहार. आदेशावर साहेबांनी केलेली सही म्हणजे "आदेश मिळाला" एवढंच. ती तुम्हाला कार्यमुक्त केल्याची नोंद नाही, आणि पगार काढणाऱ्या विभागाला तर त्या आदेशाची कल्पनाही नसते.

म्हणून तीन कागद लागतात, आणि या क्रमाने.

पहिला, जाण्यापूर्वी दिलेलं कळवणारं पत्र, आवक क्रमांकासह. दोन प्रती न्या. एक शाखेत द्यायची, दुसरीवर आवक शिक्का, क्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याची सही घेऊन स्वतःजवळ ठेवायची. शाखेत आवक नोंदवही नसेल किंवा कोणी टाळाटाळ करत असेल, तर तेच पत्र आदेशाच्या स्कॅनसह ऑफिसच्या ईमेलवरून मॅनेजरना पाठवा आणि क्षेत्रीय कार्यालयाच्या मनुष्यबळ विभागाला प्रत लावा. ईमेलला तारीख आणि वेळ आपोआप असते, तीच पोच.

दुसरा, प्रशिक्षणाला हजर होतात याचा पुरावा. याबद्दल खाली लिहिते.

तिसरा, परत आल्यावर एका ओळीचं हजर होण्याचं पत्र, सोबत तो पुरावा. यावरून मस्टरवर "निवडणूक कर्तव्यार्थ" असा शेरा मारता येतो.

हजेरीच्या पुराव्याबद्दल: प्रशिक्षणाच्या सभागृहात मतदारसंघाच्या किंवा पथकाच्या क्रमाने हजेरीपट असतो, त्यावर सही होते. पण तो कागद निवडणूक शाखेकडे जातो, तुमच्या हाती काही येत नाही. उपस्थिती प्रमाणपत्र काही ठिकाणी देतात, काही ठिकाणी नाही, आणि शेवटी मागायला गेलं की टेबलावर कोणी नसतं. म्हणून आदेशाची एक जादा छायाप्रत घेऊन जा. सही करतानाच त्या टेबलावरच्या कर्मचाऱ्याला सांगा, मागच्या बाजूला "प्रशिक्षणास उपस्थित", तारीख, सही आणि शिक्का हवा. सकाळी गर्दीत शिक्का मिळाला नाही तर किमान सही आणि पदनाम तरी घ्या, शिक्का मधल्या सुट्टीत. आस्थापनेला एवढं पुरतं.

सुनीता_रोखपाल
खूप आभार दोघांचे. पत्राचा मसुदा कुणी देईल का? सरकारी भाषा मला नीट जमत नाही. आणि एका दिवसात दोन प्रश्न: एक, तीन तासांच्या प्रशिक्षणासाठी पूर्ण दिवस मागायचा का? दोन, दुसऱ्या प्रशिक्षणाची तारीखच माहीत नाही तर आत्ताच कसं लिहू?

जावक_क्रमांक
मसुदा देतो. बँकेला मराठीत पत्र चालतं, पण क्षेत्रीय कार्यालय परराज्यातल्या अधिकाऱ्याकडे असेल तर सोबत हिंदी किंवा इंग्रजीत दोन ओळींचा ईमेल करा.

> प्रति,
> मा. शाखा व्यवस्थापक,
> (शाखेचे नाव)
>
> विषय: विधानसभा सार्वत्रिक निवडणूक, मतदान अधिकारी क्र. 1 म्हणून नियुक्ती, प्रशिक्षणासाठी कार्यमुक्त करणेबाबत.
>
> संदर्भ: जिल्हा निवडणूक अधिकारी यांचा नियुक्ती आदेश क्र. ____, दि. ____
>
> महोदय,
> उपरोक्त संदर्भीय आदेशान्वये माझी मतदान अधिकारी क्र. 1 या पदावर नियुक्ती झाली आहे. आदेशाची छायाप्रत सोबत जोडली आहे.
>
> आदेशानुसार पहिले प्रशिक्षण दि. ____ (गुरुवार) रोजी सकाळी 10.00 वाजता (ठिकाण) येथे आहे. सदर ठिकाणी वेळेत उपस्थित राहण्यासाठी मला त्या दिवशी सकाळपासून कार्यमुक्त करावे व हा कालावधी निवडणूक कर्तव्यकाळ म्हणून गणण्यात यावा, ही विनंती.
>
> दुसरे प्रशिक्षण, मतदान साहित्य स्वीकारण्याचा दिवस व मतदानाचा दिवस यांबाबत आदेश प्राप्त होताच त्याची प्रत सादर करीन.
>
> माझ्याकडील तिजोरीच्या चावीचा ताबा दि. ____ (बुधवार) रोजी कामकाज संपताना आपण नेमाल त्या कर्मचाऱ्याकडे नोंदवहीत नोंद करून देण्यास मी तयार आहे. कृपया पर्यायी कर्मचारी नेमावा.
>
> आपली विश्वासू,
> (नाव, पदनाम, कर्मचारी क्रमांक)
>
> सोबत: नियुक्ती आदेशाची छायाप्रत
> प्रत: मनुष्यबळ विभाग, क्षेत्रीय कार्यालय

"कृपया मंजुरी मिळावी" असं कुठेही घालू नका. कलमांचे आकडेही मी मुद्दाम घातलेले नाहीत. पहिल्याच पत्रात कायदा काढला की समोरचा अडून बसतो. आदेशाच्या मजकुरात कलमं छापलेली असतात, ती पुरेशी आहेत. लेखी नकार आला तर मग 28अ आणि 159 चा उल्लेख करायचा.

दुसऱ्या प्रशिक्षणासाठी आता एवढीच ओळ ठेवा. दुसरा आदेश दुसऱ्या सरमिसळीनंतर निघतो. त्यात विधानसभा मतदारसंघ आणि पथक ठरलेलं असतं, त्यामुळे ठिकाण बदलू शकतं, पदही बदलू शकतं. आला की नवीन पत्र द्या. जुन्या पत्रावर विसंबू नका, कारण त्यातला आदेश क्रमांक वेगळा असतो आणि मनुष्यबळ विभाग क्रमांक जुळवून पाहतो.

अर्ध्या दिवसाबद्दल: प्रशिक्षण 1 ला संपतं, प्रत्यक्षात ईव्हीएम हाताळणी आणि फॉर्म भरण्यात दीड-दोन वाजतात. दीड तास परतीचा. म्हणजे साडेतीन. साहेबांनी उरलेल्या वेळेत या म्हटलं तर तो आग्रह पूर्ण गैर नाही, कारण कर्तव्यकाळ प्रशिक्षण आणि प्रवासापुरताच. पण रोखपालाचा काउंटर तोवर बंद होत आलेला असतो. हे मी साहेबांशी बोलूनच ठरवेन, पत्रात "सकाळपासून" लिहिलंय ते त्यासाठीच.

आस्थापना_लिपिक
चावीबद्दल माझी एक भर. तिजोरी दोन चाव्यांनी उघडते, म्हणजे गुरुवारी सकाळी तुमची चावी शाखेत नसेल तर दिवसभर रोख व्यवहारच ठप्प. साहेबांची खरी काळजी तीच आहे, रजेचा प्रकार नव्हे. म्हणून ताबा देण्याची तारीख तुम्हीच लिहून दिलीत की बोलणं सोपं होतं. बुधवारी रोख मोजून, चावी नोंदवहीत देणारा आणि घेणारा दोघांच्या सह्या, मग निघा. सकाळी "उघडून मग जा" हा मार्ग धरलात तर दहाला सभागृहात पोचणं होणार नाही, आणि हजेरी पहिल्या अर्ध्या तासात गोळा करून घेतात.

मतदानाच्या वेळी हेच दोन दिवस आधीपासून. आदल्या दिवशी साहित्य घ्यायला सकाळीच हजर व्हायचं असतं, आणि मतदान संपल्यावर साहित्य जमा करून मोकळं व्हायला मध्यरात्र उलटते. त्यामुळे मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चावी तुमच्या नावावर राहू देऊ नका.

अध्यापिका_मे
मी अनुदानित शाळेत आहे. आमच्याकडे दोन्ही प्रशिक्षणं रविवारी ठेवली. मुख्याध्यापक म्हणतात सुट्टीच होती, मग काय मागता? बदली रजा मिळते का? शिक्षकांना कामाच्या दिवशी निवडणुकीला लावू नये असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे ना?

न्यायपत्र
निकाल आहे. निवडणूक आयोग विरुद्ध सेंट मेरीज स्कूल, डिसेंबर 2007. शिक्षकांना शक्यतो सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशीच हे काम द्यावं, असं त्यात आहे. पण तो निकाल तुमच्या बदली रजेच्या बाजूने नाही, उलट दिशेने जातो. त्याचा हेतू मुलांचे वर्ग बुडू नयेत हा होता, म्हणून प्रशिक्षण रविवारी ठेवणं हे त्या निकालाला धरूनच आहे. शिवाय शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 27 मध्ये शिक्षकांना शिक्षणेतर कामाला लावू नये म्हटलं असलं तरी दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका हे अपवाद तिथेच लिहिले आहेत.

बदली रजा तुमच्या सेवानियमांचा आणि जिल्ह्यातल्या आदेशाचा विषय आहे. निवडणूक कायद्यात तिचा उल्लेख नाही.

आस्थापना_लिपिक
अध्यापिकाताई, आमच्या अनुभवात बदली रजेचं एकसारखं उत्तर मिळत नाही. काही जिल्ह्यांत मतदानाचा दुसरा दिवस कर्तव्यकाळ धरावा असं पत्र निघतं, रविवारच्या प्रशिक्षणाबद्दल मात्र बहुतेक पत्रं गप्प असतात. तुमच्या जिल्ह्याच्या निवडणूक शाखेचं पत्र शिक्षणाधिकाऱ्यांमार्फत शाळेत येतं का ते पाहा. ते नसेल तर मुख्याध्यापकांच्या हातात फारसं काही नसतं.

विनायक_ब
हे मला पटत नाही. रविवारी काम केलं तर मोबदल्यात दिवस मिळायलाच हवा. प्रशिक्षणाचा भत्ता मिळतो तो वेगळा.

आस्थापना_लिपिक
मिळायला हवा हे माझंही मत. पण मत म्हणून हजेरीपत्रकात नोंद करता येत नाही. मागणी मात्र लेखी करावी, म्हणजे पुढे पत्र निघालं तर मागील तारखेचा दावा उभा राहतो. भत्त्याबद्दल: निवडणुकीचा भत्ता निवडणूक शाखाच देते, म्हणून त्याच प्रवासाचं बिल बँकेकडे किंवा शाळेकडे लावू नका. लेखापरीक्षणात ते दुहेरी दावा म्हणून निघतं.

प्रशांत_आयटी
मघाशी गल्लत झाली, आता समजलं. मग माझा एक खरा प्रश्न. माझी बायको एका खाजगी, पूर्ण विनाअनुदानित महाविद्यालयात आहे. तिला महापालिका निवडणुकीसाठी असाच आदेश आला आहे. व्यवस्थापन म्हणतं, आमच्यावर हे बंधन नाही, जाऊ नकोस. काय करावं?

न्यायपत्र
दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथे 1951 च्या अधिनियमाची कलमं लागत नाहीत. त्यामुळे वर चर्चा झालेली 26, 28अ, 159 ही कलमं तुमच्या आदेशाला चिकटवू नका. आदेशाच्या वरच्या भागात कोणत्या कायद्याखाली काढला ते लिहिलेलं असतं, तिथून सुरुवात करा.

विनाअनुदानित संस्थेच्या बाबतीत वाद आहेत आणि न्यायालयांतही गेले आहेत. मी इथे सरळ "जा" किंवा "जाऊ नका" म्हणणार नाही. पण एक नक्की सांगतो, आदेशाकडे दुर्लक्ष करून घरी बसणं हा सगळ्यात वाईट पर्याय. महाविद्यालयाने, वहिनींनी नव्हे, आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याला लेखी कळवावं की संस्था अमुक प्रकारची आहे, अनुदान घेत नाही, म्हणून नियुक्ती रद्द करावी. वहिनींनी त्या पत्राची पोच स्वतःकडे ठेवावी. रद्द झाल्याचं लेखी मिळेपर्यंत आदेश कायम समजावा आणि प्रशिक्षणाला हजर राहावं.

जावक_क्रमांक
हा शेवटचा मुद्दा बँकेलाही लागू आहे. अनेक शाखाप्रमुख "मी तहसीलदारांशी फोनवर बोललो, तुमचं नाव काढलंय" असं सांगतात. त्यावर थांबू नका. नाव कमी करण्याचा अधिकार जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांचा, आणि तो लेखी आदेशानेच. तिकडे यादीत नाव तसंच राहतं, पहिल्या प्रशिक्षणाचा गैरहजेरी अहवाल तयार होतो आणि नोटीस निघते. फोनवर कोण काय म्हणालं हे खुलाशात टिकत नाही.

शाखेला खरंच अडचण असेल, म्हणजे दुसरा रोखपाल प्रसूती रजेवर आहे वगैरे, तर साहेबांनी स्वतःच्या सहीने जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांना लिहावं, कारण द्यावं आणि पर्यायी नाव सुचवावं. अर्ज आदेश मिळाल्यापासून एक-दोन दिवसांत गेला तर विचार होण्याची शक्यता असते. दुसऱ्या सरमिसळीनंतर पथकं ठरलेली असतात, एक नाव काढलं की चौघांची जुळणी मोडते, म्हणून तेव्हा फारसं कोणी ऐकत नाही.

सुनीता_रोखपाल
आज पत्र दिलं. साहेबांनी चावीचा परिच्छेद वाचला आणि लगेच दुसऱ्या सहकाऱ्याचं नाव लिहून सही केली, आवक क्रमांकही मिळाला. एचआरएमएसमध्ये मात्र अडकलं. "ऑन ड्युटी" हा पर्याय फक्त बँकेच्या प्रशिक्षणासाठी उघडतो, तिथे बँकेच्या प्रशिक्षण केंद्राचा कोड मागतो. "स्पेशल लीव्ह" निवडलं तर चालतं. क्षेत्रीय कार्यालयाने अजून उत्तर दिलेलं नाही.

आस्थापना_लिपिक
केंद्राचा खोटा कोड टाकू नका, ते नंतर महागात पडेल. क्षेत्रीय कार्यालयाला ईमेल केलेलाच आहे, त्याच ईमेलला उत्तर म्हणून विचारा: निवडणूक कर्तव्यासाठी कोणता कोड निवडायचा ते कळवावं. पगार बंद होण्याच्या दोन दिवस आधीपर्यंत उत्तर आलं नाही तर "स्पेशल लीव्ह" निवडा आणि शेऱ्याच्या रकान्यात "निवडणूक कर्तव्य, आदेश क्र. ____, कोडबाबत विचारणा प्रलंबित" असं लिहा. पुढच्या महिन्याच्या पगारपत्रकात रजेची शिल्लक तपासा. एक दिवस कमी झालेला दिसला तर या शेऱ्याच्या आधारे दुरुस्ती मागता येते.

जावक_क्रमांक
गुरुवारी जाताना आदेशाच्या दोन प्रती, मतदार ओळखपत्र, मतदार यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक, पासबुकच्या पहिल्या पानाची झेरॉक्स आणि फोटो न्या. टपाली मतदानासाठी नमुना 12 बहुधा पहिल्याच प्रशिक्षणात भरून घेतात. भाग आणि अनुक्रमांक माहीत नसेल तर अर्ज अर्धवट राहतो आणि ड्युटीवर असलेल्याचं स्वतःचं मत राहून जातं. साहेबांनी प्रशिक्षणाला जाऊ दिलं नाही तर हेही हुकतं, आणि ही गोष्ट बहुतेक शाखाप्रमुखांना माहीत नसते. पुढच्या वेळी पत्रात ही ओळ घालायला हरकत नाही.

अध्यापिका_मे
जावक_क्रमांक, पथक ठरल्यावर पद बदललं, म्हणजे मतदान अधिकारी क्र. 1 ऐवजी केंद्राध्यक्ष झालं, तर शाळेला पुन्हा कळवायचं का? तारीख तीच असेल तरी?

जावक_क्रमांक
हो, कळवा. तारीख तीच असली तरी आदेश क्रमांक नवा असतो, आणि हजर होण्याच्या पत्रात तुम्ही नवा क्रमांक लिहिणार. आधीच्या पत्रात जुना असेल तर शाळेच्या दप्तरात दोन कागद जुळत नाहीत. दोन ओळी पुरतात: अमुक आदेशान्वये पद बदललं आहे, पूर्वीच्या पत्रातील इतर तपशील कायम.

सुनीता_रोखपाल
दुसऱ्या प्रशिक्षणाचा आदेश आत्ता हातात आला. रविवारच आहे, आणि ठिकाण वेगळ्या मतदारसंघाचं. तुमच्या मसुद्यातला आदेश क्रमांक बदलून उद्या सकाळीच पत्र देते. रविवारच्या बदल्यात दिवस मिळावा ही मागणी त्याच पत्रात घालू की वेगळी?

आस्थापना_लिपिक
वेगळ्या पत्रात. कार्यमुक्तीचं पत्र लगेच निकाली निघायला हवं. त्यात बदली रजेची मागणी घातली की क्षेत्रीय कार्यालय दोन्ही एकत्र "विचाराधीन" ठेवतं.